पलीकडच्या माणसाला काय कळलं?

नोकरी करणारा मराठी माणूस दिवसातले कितीतरी तास इंग्रजीत लिहीत आणि ऐकत असतो. मेल टाकतो, कॉलवर बसतो, कॉल संपला की एमओएम पाठवतो, महिनाअखेरीला रिपोर्ट जोडतो. तरीही केंब्रिजच्या बिझनेस इंग्लिश परीक्षेचा नमुना पेपर समोर आला की पहिल्या झटक्यात तो बहुधा अडखळतो. व्याकरण कच्चं म्हणून अडखळणारे असतात, पण ते थोडे. बाकीचे अडतात ते पन्नास शब्दांत काम उरकायचं म्हटल्यावर, पाच माणसं एकामागून एक बोलून गेल्यावर नेमकं कोण काय म्हणालं हे ठरवताना, आणि आलेखातला कुठला आकडा सोडून द्यायचा या प्रश्नावर. हे पुस्तक या तीन ठिकाणांबद्दल आहे. ती तीन वेगळी कौशल्यं नाहीत, एकाच सवयीची तीन रूपं आहेत, असं मला शिकवताना दिसत आलं. ही प्रस्तावना थोडी लांबली आहे ती त्यासाठीच.

आधी परीक्षेची ओळख. केंब्रिजच्या या प्रमाणपत्रांना बरेच जण अजून जुन्या नावाने, बीईसी म्हणूनच ओळखतात. त्यांची सुरुवात 1993 साली चीनमध्ये झाली. आज तीन पायऱ्या आहेत: बी-1 बिझनेस प्रिलिमिनरी, बी-2 बिझनेस व्हँटेज आणि सी-1 बिझनेस हायर. हे पुस्तक मधल्या पायरीसाठी, म्हणजे व्हँटेजसाठी आहे. कचेरीत चार-पाच वर्षं काढलेल्या, मेल वाचून समजणाऱ्या पण लिहिताना दोनदा थबकणाऱ्या माणसाला हीच पायरी साजते. व्हिसासाठी इंग्रजीचा पुरावा हवा असेल, तर मात्र ही परीक्षा तुमच्या कामाची नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी तिथल्या सरकारने मान्य केलेल्या चाचण्यांची यादी वेगळी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण फी भरून झाल्यावर ते कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

व्हँटेजचे चार भाग आहेत: वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण. चारही भागांना समान वजन, म्हणजे प्रत्येकी 25 टक्के. निकाल केंब्रिजच्या मोजपट्टीवर येतो. 160 गुणांना परीक्षा उत्तीर्ण. 140 ते 159 मध्ये राहिलात तर बी-2 मिळत नाही, पण बी-1 पातळीचं प्रमाणपत्र हातात येतं. वाचन आणि संभाषण या पुस्तकात नाहीत. वाचनाचा सराव तुमच्या इनबॉक्समध्ये रोज होतो. संभाषणाची परीक्षा जोडीने असते, समोर दोन परीक्षक बसतात, आणि तिची तयारी पुस्तकाशी नव्हे, माणसाशीच करावी लागते. पण म्हणून त्या दोन भागांकडे काणाडोळा करू नका. अर्धे गुण तिथे आहेत.

आता त्या एका सवयीबद्दल. लेखनाचा पेपर तपासताना परीक्षकासमोर चार कसोट्या असतात: आशय, संवाद साधण्याची रीत, मांडणी आणि भाषा. प्रत्येकीला शून्य ते पाच. आशयाला पाचपैकी पाच केव्हा द्यायचे, याचं वर्णन फार साधं आहे: मजकुरातलं सगळं कामाशी संबंधित असावं आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्या वाचकाला सगळी माहिती मिळालेली असावी. त्या वाचकाला ‘एकंदरीत’ माहिती मिळाली, थोडंफार सुटलं किंवा थोडा फापटपसारा झाला, तर तीन. जेमतेम कळलं तर एक. याचा अर्थ परीक्षक तुमचं इंग्रजी वाचताना मनातल्या मनात दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीत बसलेला असतो. प्रश्नात ‘तुमच्या विभागातल्या सर्वांना’ म्हटलं असेल तर तो त्या विभागातला कारकून होतो, ‘व्यवस्थापकीय संचालकांना’ म्हटलं असेल तर संचालक होतो. त्या माणसाला आता काय करायचं ते कळलं का, एवढंच तो बघतो. भाषेच्या कसोटीतसुद्धा मधल्या पट्ट्याची अपेक्षा एवढीच की चुकांमुळे अर्थ अडता कामा नये. ‘अ’ आणि ‘द’ कुठे घालायचं यावर रात्र जागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे पत्रलेखन शिकवलं जातं ते याच्या नेमकं उलट. शाळेत ‘फॉरमॅट’ला गुण असतात: पत्ता डावीकडे, तारीख त्याखाली, ‘रिस्पेक्टेड सर’, विषय अधोरेखित, शेवटी ‘थँकिंग यू’. त्यानंतर नोकरी लागते आणि आधीच्या माणसाने मागे ठेवलेल्या फायलीतली इंग्रजी आपण उचलतो. ती मुळात सरकारी टपालाची इंग्रजी. ‘विथ रेफरन्स टू’ने सुरू होणारी आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ने संपणारी. अशी मेल चुकीची असते असं नाही. चाकण-हिंजवडीत ती रोज हजारांनी जाते आणि कामंही होतात. पण व्हँटेजच्या लेखनाचा पहिला प्रश्न तिला झेपत नाही, कारण तिथे जागा आहे फक्त 40 ते 50 शब्दांची.

हा पहिला प्रश्न म्हणजे कंपनीतल्या कंपनीत जाणारा निरोप: मेल, चिठ्ठी किंवा सूचना. प्रश्नात दोन ओळींची परिस्थिती आणि त्याखाली तीन टिंबं घालून तीन कामं दिलेली असतात. समजा परिस्थिती अशी आहे: तुमचा विभाग इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर हलणार आहे. विभागातल्या सर्वांना मेल लिहा. कधी हलणार ते सांगा, का हलणार ते सांगा, आणि त्याआधी प्रत्येकाने काय करायचं ते सांगा.

वर्गात पहिल्या दिवशी येणारी उत्तरं जवळजवळ एकाच साच्यातली असतात. सुरुवातीला ‘होप दिस मेल फाइंड्स यू वेल’, मग ‘आय अ‍ॅम रायटिंग दिस मेल टू इन्फॉर्म यू ऑल दॅट’, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. मोजून बघा: सहा, दहा आणि चार. पन्नासातले वीस शब्द खर्ची पडले आणि तिन्हींपैकी एकही काम झालं नाही. उरलेल्या तीसांत तारीख बसते, कारण बसतं, आणि तिसरं काम, म्हणजे प्रत्येकाने काय करायचं, ते ‘नीडफुल’ या एका शब्दावर सोपवलं जातं. त्या विभागातल्या कारकुनाच्या खुर्चीतून पाहा. हलण्याच्या दिवशी सकाळी तो येईल तेव्हा त्याच्या फायली तशाच टेबलावर पसरलेल्या असतील, कारण त्या बांधून ठेवायच्या आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

आता कामापुरतं लिहिलेलं उत्तर. ते इथे देवनागरीतच देतो, कारण इथे स्पेलिंगचा प्रश्न नाही, शब्द कुठे खर्च झाले ते बघायचं आहे.

‘डिअर ऑल, अवर डिपार्टमेंट विल मूव्ह टू द सेकंड फ्लोअर ऑन फ्रायडे 14 जून. द मूव्ह इज नेसेसरी बिकॉज द सेल्स टीम नीड्स अ लार्जर ट्रेनिंग रूम. प्लीज पॅक अँड लेबल युवर फाइल्स बाय थर्सडे इव्हनिंग. द आयटी टीम विल मूव्ह युवर कम्प्युटर्स. थँक्स.’

हे 44 शब्द आहेत. पहिलं वाक्य पहिलं काम करतं, दुसरं दुसरं, तिसरं तिसरं. चौथं वाक्य प्रश्नात मागितलेलं नाही, पण फायली बांधायला सांगितलं की लगेच कुणीतरी विचारणार, ‘आणि कम्प्युटरचं काय?’ त्याचं उत्तर तिथेच मिळालं. जास्तीचं वाक्य घालायचं तर असं, वाचकाच्या पुढच्या प्रश्नाला उत्तर देणारं. ‘सेल्स टीमला मोठी खोली हवी’ हे कारण मी माझ्या मनाने घातलं आहे, हेही लक्षात घ्या. प्रश्नात कारण दिलेलं नव्हतं, ते तुम्ही द्यायचं होतं. या गोष्टीकडे रिपोर्टच्या वेळी पुन्हा येऊ, कारण आपली बरीच मुलं तिथेच अडतात.

लेखनाला एकूण 45 मिनिटं असतात आणि दुसऱ्या प्रश्नाचं वजन जास्त असतं, म्हणून या मेलला बारा ते पंधरा मिनिटांवर देऊ नयेत. त्यातली पहिली तीन प्रश्न वाचून तीन टिंबांसमोर तीन-चार शब्दांची टिपणं काढण्यात घालवावीत. लिहून झालं की बोट ठेवून तपासायचं: हे वाक्य कुठल्या टिंबाचं? ज्या वाक्याला टिंब नाही आणि जे वाचकाच्या पुढच्या प्रश्नाचंही उत्तर देत नाही, ते खोडायचं. शब्द थोडे जास्त झाले म्हणून कुणी मोजून गुण कापत नाही. पण जास्तीच्या शब्दांत सहसा फापटपसाराच असतो, आणि त्याचा फटका आशयाच्या कसोटीत बसतोच.

मेलचा सूर हाही त्याच खुर्चीतून ठरतो. सहकाऱ्याला ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं तर इंग्लंडमधल्या परीक्षकाला तो आदर वाटत नाही, नातं चुकल्यासारखं वाटतं. ग्राहकाला पाठवलेल्या पत्रात ‘हाय’ तितकंच चुकतं. आपल्याला वरिष्ठांना नुसत्या नावाने हाक मारायची सवय नाही, त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. हा संकोच काढून टाकायला थोडे दिवस लागतात, पण तो निघतो.

आता ऐकण्याकडे. श्रवणाचा पेपर सुमारे 40 मिनिटांचा, प्रश्न 30. प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकवतात. पहिल्या भागात तीन फोनवरची संभाषणं किंवा निरोप असतात आणि समोरच्या फॉर्ममधल्या बारा रिकाम्या जागा भरायच्या असतात, प्रत्येकीत एक-दोन शब्द किंवा एक आकडा. दुसऱ्या भागात पाच माणसं एकेक करून थोडं थोडं बोलतात, आणि अशा दोन फेऱ्या होतात. तिसऱ्या भागात एक लांब संभाषण, बहुतेक वेळा मुलाखत किंवा चर्चा, आणि त्यावर तीन-तीन पर्यायांचे आठ प्रश्न.

पहिल्या भागात चकवा असतो तो माणसं बोलता बोलता बदलतात त्याचा. निरोप देणारा म्हणतो, बैठक मंगळवारी ठरली होती, पण लंडनचे पाहुणे उशिरा येणार म्हणून आपण ती गुरुवारी घेऊ, तेही तुम्हाला चालत असेल तर. पलीकडची बाई म्हणते, गुरुवारी मी बाहेर आहे, शुक्रवार जमेल. तो म्हणतो, ठीक. फॉर्मवर ‘बैठकीचा दिवस’ असं लिहिलेलं असतं. मंगळवार कानावर पडताच पेन्सिल चालवणारा माणूस पहिल्या फेरीतच गुण घालवतो, आणि दुसऱ्या फेरीतही स्वतःच्या अक्षराकडे बघून तेच बरोबर वाटून घेतो. म्हणून या पुस्तकातल्या सरावात एक नियम आहे: पहिल्या फेरीत जे ऐकाल ते फॉर्मच्या बाजूला, समासात लिहा, आणि दोघांपैकी कुणीतरी ‘ठीक’, ‘राइट’, ‘फाइन’ असं म्हणेपर्यंत रिकाम्या जागेत काही भरू नका. दोघांचं एकमत झालं तेच उत्तर.

आकड्यांचा एक खास मराठी घोटाळा आहे. आपण मनात लाखांत मोजतो. ध्वनिफितीत ‘एट हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ आलं की डोक्यात आधी आठशे येतात, मग पन्नास हजार, आणि त्यांचे साडेआठ लाख होईपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. इथे भाषांतर करूच नये. ऐकलेले अंक तसेच 850,000 असे लिहून मोकळं व्हावं. लिहितानाही 15 लाखांना 1.5 मिलियन म्हणावं, कारण वाचक लाखवाला नाही. फिफ्टी आणि फिफ्टीन यांतला फरक मात्र कानाच्या सवयीनेच येतो. एकात जोर पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यात शेवटावर. शेअर बाजाराच्या इंग्रजी बातम्या रोज दहा मिनिटं, पेन हातात घेऊन ऐकल्या तर हे सुधारतं. पेन हातात नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि त्यातच सगळ्यात जास्त गुण जातात. समजा विषय आहे: पाच माणसं एका बिघडलेल्या बैठकीबद्दल सांगतात, बैठक कशामुळे फसली ते ओळखा. समोर आठ कारणं असतात, त्यांपैकी पाच लागू पडतात, तीन उरतात. एक बाई म्हणतात, ‘अजेंडा आठवडाभर आधी आला होता, सगळ्यांनी वाचलाही होता. वेळेवर सुरू झालं. पण पैशाचा मुद्दा निघाला आणि लक्षात आलं की मंजुरी देऊ शकेल असं खोलीत कुणीच नाही.’ पर्यायांत ‘अजेंडा उशिरा मिळाला’ हे आहे, आणि ‘योग्य माणसं हजर नव्हती’ हेही आहे. अजेंडा हा शब्द कानावर पडला म्हणून पहिला पर्याय निवडणारे वर्गात नेहमी निम्म्याहून जास्त असतात. पेपर तयार करणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणूनच तो शब्द तिथे पेरलेला असतो. बरोबर उत्तरातला शब्द मात्र ध्वनिफितीत बहुधा येतच नाही. ‘योग्य माणसं’ असं त्या बाई म्हणाल्याच नाहीत. त्यांनी नुसतं काय घडलं ते सांगितलं आणि नाव आपण द्यायचं.

यावर उपाय ऐकण्याआधी करायचा असतो. ध्वनिफीत सुरू होण्यापूर्वी पर्याय वाचायला थोडे सेकंद देतात. त्यात प्रत्येक पर्यायासाठी मनात एक वाक्य तयार ठेवायचं: हे कारण खरं असेल तर माणूस काय बोलेल? ‘योग्य माणसं नव्हती’ तर तो म्हणेल, ‘साहेबांनी दुसऱ्यालाच पाठवलं’, ‘निर्णय घेणारं कुणी नव्हतं’. अशी वाक्यं मनात तयार असली की ती कानावर पडताच पकडता येतात. नुसते शब्द शोधत बसलं की माणूस सापळ्यात जातो.

तिसऱ्या भागात, खऱ्या बैठकीसारखं, दोन माणसं एकमेकांशी असहमत असतात, पण ते तसं उघड म्हणत नाहीत. इंग्रजांचा नकार सभ्यपणे गुंडाळलेला असतो. ‘आय टेक युवर पॉइंट’ किंवा ‘दॅट्स सर्टनली वर्थ कन्सिडरिंग’ ऐकलं की आपला विद्यार्थी लिहून टाकतो, दोघांचं पटलं. पुढे येणारा ‘बट’ ऐकायचाच राहतो. शिवाय प्रश्न विचारतो ते बहुधा शेवटी काय ठरलं, किंवा दोघांपैकी एकाला काय वाटतं. दुसऱ्याचं मत नाही. म्हणून सरावाच्या ध्वनिफिती ऐकताना पानाच्या मधोमध रेघ ओढा, डावीकडे एकाचं मत, उजवीकडे दुसऱ्याचं, आणि खाली ‘ठरलं’ असं लिहून एक ओळ रिकामी ठेवा. परीक्षेत त्या ओळीइतकं लक्ष ठेवता आलं तरी पुरे. चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करणारे गृहस्थ माझ्याकडे येत असत. त्यांनी ही रेघ आपल्या कचेरीतल्या कॉलमध्येही ओढायला सुरुवात केली, आणि काही आठवड्यांनी सांगितलं की त्यांच्या एमओएमवर आता ‘असं ठरलं नव्हतं’ अशी उत्तरं येत नाहीत. परीक्षेत त्यांना किती गुण पडले ते मला आठवत नाही, पण हे आठवतं.

उरला रिपोर्ट. लेखनातला दुसरा प्रश्न, 120 ते 140 शब्दांचा. कधी तो ग्राहकाला पाठवायचं पत्र असतो, कधी प्रस्ताव, पण आपली माणसं सगळ्यात जास्त घाबरतात ती रिपोर्टला, म्हणून तोच इथे घेतो. या प्रश्नासोबत कागदपत्र दिलेलं असतं, आलेख किंवा तक्ता, आणि त्यावर हाताने लिहिल्यासारख्या टिपा असतात. कुठे बाण काढून दोन शब्द, कुठे वर्तुळ. या टिपा म्हणजेच खरा प्रश्न. प्रत्येक टिपेचं उत्तर मजकुरात यायला हवं. एक सुटली की आशयाचे गुण उतरतात, बाकी इंग्रजी कितीही सुरेख असो.

एक उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या दोन सेवा केंद्रांची तुलना करून संचालकांना रिपोर्ट द्यायचा आहे. पहिल्या आलेखात तक्रारी: उत्तर केंद्रात जानेवारीत 40, मार्चमध्ये 95, जूनमध्ये 50, दक्षिण केंद्रात जानेवारीत 60, आणि हळूहळू उतरत जूनमध्ये 30. दुसऱ्या आलेखात ग्राहकाला फोनवर किती वेळ थांबावं लागतं ते: उत्तरेत दोन मिनिटांची पाच झाली, दक्षिणेत तीनाचं एक झालं. टिपा चार आहेत. मार्चच्या उंचवट्यावर बाण काढून ‘कारण द्या’. दोन आलेखांच्या मध्ये ‘तुलना करा’. दक्षिण केंद्रासमोर ‘नवी पद्धत – तपशील द्या’. आणि खाली ‘पुढे काय करावं?’

पहिल्या प्रयत्नात विद्यार्थी आलेख वाचून दाखवतात. जानेवारीत चाळीस होत्या, फेब्रुवारीत वाढल्या, मार्चमध्ये पंच्याण्णव झाल्या, एप्रिलमध्ये कमी झाल्या, अशी महिनेवारी. दोन केंद्रं, सहा महिने, दोन आलेख, आणि 140 शब्द तिथेच संपतात. संचालकांसमोर तोच आलेख पडलेला आहे. त्यांना आकडे पुन्हा नको आहेत. त्यांना हवं आहे ते एका वाक्यात सांगता येतं: उत्तर केंद्रातल्या तक्रारी मार्चपर्यंत दुपटीहून जास्त झाल्या आणि अजून जानेवारीच्या पातळीवर आलेल्या नाहीत, तर दक्षिणेत त्या सहा महिन्यांत निम्म्यावर आल्या. एवढ्यात पहिल्या आलेखातले पाच आकडे कामाला लागले आणि फेब्रुवारी, एप्रिल, मे सोडून दिले. ते सोडायलाच हवेत. दुसऱ्या आलेखाचंही तसंच: उत्तरेत ग्राहक आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतो, दक्षिणेत खूप कमी. एवढं पुरे.

मग येतो ‘कारण द्या’. इथे आपली मुलं थबकतात. प्रश्नपत्रिकेवर कारण कुठेच नाही. शाळेपासून आपल्याला शिकवलेलं असतं की उताऱ्यात आहे तेच लिहायचं, मनाचं घालायचं नाही. त्यामुळे कुणी कारण गाळतो, कुणी ‘सम रीझन्स’ असं गोलमाल लिहितो. या परीक्षेत कारण तुम्हीच द्यायचं असतं. ते पटण्याजोगं हवं आणि आलेखाशी जुळणारं हवं, एवढीच अट. ‘मार्चमध्ये उत्तर केंद्रातले दोन अनुभवी कर्मचारी नोकरी सोडून गेले’ हे चालतं, कारण त्यामुळे तक्रारीही वाढतात आणि फोनवर थांबणंही वाढतं. ‘मार्चमध्ये पाऊस खूप झाला’ हे चालत नाही, दुसऱ्या आलेखाशी त्याचा संबंध लागत नाही. तसंच ‘नवी पद्धत’. तपशील तुमचा: दक्षिणेत प्रत्येक फोनला आधी एकच माणूस उत्तर देतो आणि मग योग्य विभागाकडे जोडून देतो. संचालकांना ती पद्धत उत्तरेत आणायची की नाही हे ठरवायचं आहे. एवढा तपशील त्यांना पुरतो.

शिफारस चुकते ती तुटक असल्यामुळे. ‘अधिक कर्मचारी घ्यावेत, प्रशिक्षण द्यावं, बोनस द्यावा, नवीन सॉफ्टवेअर घ्यावं’ अशी यादी मला दर बॅचला मिळते. ती कुठल्याही रिपोर्टच्या शेवटी चिकटवता येईल, म्हणून ती या रिपोर्टची नाही. वर जे दाखवलं त्यातून निघणारी शिफारस एकच आहे: दक्षिणेतली पद्धत उत्तर केंद्रात सुरू करावी. हवं तर कधीपासून ते जोडावं.

शब्दांची वाटणी मी साधारण अशी करतो. रिपोर्ट कशासाठी आहे ते सांगायला वीस, निरीक्षणांना पंच्याहत्तर, निष्कर्षाला वीस, शिफारशीला वीस. एकूण 135. प्रत्येक भागाला छोटं शीर्षक द्यावं, वाचणाऱ्याला सोपं जातं. तीस मिनिटांतली पाच टिपा वाचण्यात आणि कारणं ठरवण्यात जावीत, वीस लिहिण्यात आणि शेवटची पाच टिपांवर एकेक करून खूण करण्यात. स्पेलिंग ब्रिटिश चालतं आणि अमेरिकनही चालतं, फक्त एका पानात दोन्हींची सरमिसळ नको.

आपला रिपोर्ट जमला की नाही हे घरीच कळू शकतं. आलेख न दाखवता तो कुणाला तरी वाचायला द्या, भावाला, बायकोला, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला, आणि तीन गोष्टी विचारा: काय घडलं, का घडलं, आता काय करायचं. तिन्हींची उत्तरं कागदाकडे पुन्हा न बघता आली, तर रिपोर्ट झाला. ‘काय घडलं’ला तो अडखळला, तर तुम्ही आकडे जास्त घातलेत. ‘का’ला अडखळला, तर कारण सुटलं आहे. ‘काय करायचं’ला त्याने चार गोष्टी सांगितल्या, तर शिफारस पुन्हा लिहा. मेललाही हीच परीक्षा लावता येते. श्रवणात तो पलीकडचा माणूस तुम्ही स्वतःच असता: भरलेला फॉर्म दुसऱ्या दिवशी वाचून तुम्हाला कुणाला, कधी, कशासाठी फोन करायचा ते कळलं पाहिजे.

पुस्तक कसं वापरावं याबद्दल थोडंसं. पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. शेवटी दिलेला नमुना पेपर घड्याळ लावून आधी सोडवा. मग ज्या भागात वेळ कमी पडला तिथून सुरुवात करा. ज्या भागात चुका झाल्या, पण वेळ उरला, तो भाग नंतर. उत्तरसूचीतली उत्तरं मेल आणि रिपोर्टसाठी पाठ करण्यात अर्थ नाही, प्रश्न बदलला की ती निकामी होतात. कचेरीत रोज जाणाऱ्या मेलांपैकी एखादी निवडा आणि तीच पन्नास शब्दांत पुन्हा लिहून बघा. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आणि नोंदणी करताना केंद्राला एक गोष्ट नक्की विचारा: परीक्षा कागदावर आहे की संगणकावर. कागदावरच्या श्रवणाच्या पेपरला शेवटी दहा मिनिटं उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवायला मिळतात. संगणकावर ती ऐकता ऐकताच टाइप करायची असतात, त्यामुळे समासात लिहायची सवय त्या मानाने बेताने लावावी लागेल.